खाणीचं किमान भाडं आणि मागची तूट: चौथ्या वर्षी किती वळती होते?

प्रश्न: कराडजवळची आमची जमीन दगडखाणीला दिली आहे. ब्रासला १०० रुपये, पण वर्षाला किमान १,२०,००० ठरलेत. तूट "पुढील दोन वर्षांत वळती करता येईल" असं करारात आहे. चार वर्षांत दगड निघाला ७००, १०००, १५०० आणि १८०० ब्रास. खाणवाला आता मागचे ४०,००० कापणार म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. त्याला २०,०००च कापता येतील. म्हणजे १,८०,००० मधून वजा जाता यंदा तुमच्या हाती १,६०,००० यायला हवेत.

पहिल्या वर्षी रॉयल्टी झाली ७०,००० आणि त्याने दिले १,२०,०००. जास्तीचे ५०,००० म्हणजेच शॉर्ट वर्किंग्ज. दुसऱ्या वर्षी रॉयल्टी १,००,०००, तूट २०,०००. तिसऱ्या वर्षी दीड लाख रॉयल्टी झाली, तेव्हा किमान भाड्याच्या वरचे ३०,००० त्याने पहिल्या वर्षाच्या तुटीपोटी वळते केले आणि तुम्हाला पुन्हा १,२०,०००च दिले. इथवर त्याचं चुकलेलं नाही.

मेख पुढे आहे. पहिल्या वर्षाच्या तुटीची मुदत तिसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चलाच संपली. तिच्यातले उरलेले २०,००० बुडाले. ते त्याने तेव्हाच नफातोट्याला टाकायला हवे होते. तो मात्र दोन्ही वर्षांची शिल्लक एकत्र मोजतोय. साताऱ्यात हिशेब लिहिताना हाच घोळ मी एका क्रशरवाल्याच्या वह्यांत पाहिला होता: टॅलीत शॉर्ट वर्किंग्जचं एकच खातं, आत वर्षवार फोड नाही. मग कुठला रुपया कधी शिळा झाला, ते दिसणार कसं? त्याच्याकडे खातेउतारा मागा आणि तिसऱ्या वर्षअखेरची शिल्लक बघा. ४०,००० असेल तर चूक तिथेच आहे, २०,००० पाहिजे.

त्याच्या पहिल्या वर्षाच्या नोंदीत रॉयल्टी नावे ७०,०००, शॉर्ट वर्किंग्ज नावे ५०,००० आणि जमीनमालक जमा १,२०,००० असं असतं. तुमच्या बाजूला ते ५०,००० लगेच उत्पन्न धरायचे नाहीत, कारण ते परत वळते होऊ शकतात. ते रॉयल्टी सस्पेन्सला जमा ठेवायचे आणि मुदत संपली की बुडालेले २०,००० उत्पन्नात घ्यायचे.

पडताळा सोपा आहे. चार वर्षांची रॉयल्टी ५,००,०००, तुम्हाला मिळणारे पैसे ५,२०,०००. फरक बरोबर बुडालेल्या २०,००० चा.

तरी मूळ करारनामा एकदा नीट वाचा. "कराराच्या पहिल्या तीन वर्षांत" अशी भाषा असली, तर तिसऱ्या वर्षअखेर सगळे ४०,००० बुडतात आणि यंदा पूर्ण १,८०,००० तुमचे. आणि ब्रासचा आकडा त्याच्या तोंडी सांगण्यावर घेऊ नका, वाहतूक पासांशी ताडून बघा. सरकारला भरायचं स्वामित्वधन वेगळं, ते या हिशेबात घुसवू देऊ नका.