माहिती अर्जाला अंशतः नकार देताना उत्तर कसं लिहावं

प्रश्न: "नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात नुकताच जन माहिती अधिकारी झालोय. एका काँक्रीट रस्त्याबद्दल ४ मार्चला अर्ज मिळाला. चार गोष्टी मागितल्यात: मोजमाप पुस्तक व देयकं, ठेकेदाराचं दरविश्लेषण, तक्रारीवरचा चौकशी अहवाल, आणि काम वेळेत का झालं नाही. साहेब म्हणतात, 'चौकशी आणि त्रयस्थ पक्षाची बाब' लिहून कलम ८ व ११ अन्वये सगळंच नाकारा. अपिलात टिकेल का? उत्तर कसं लिहू?"

टिकणार नाही. आणि तिथे उत्तर साहेबांना नाही, तुम्हाला द्यावं लागेल. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम १९(५) नुसार नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे. अर्जदाराने काही सिद्ध करायचं नसतं. तोंडी सूचनेचा तिथे शून्य उपयोग.

"कलम ८ व ११ अन्वये" या शब्दांतच दोन चुका आहेत. कलम ८(१) मध्ये (क) पासून (ञ) पर्यंत दहा वेगवेगळे अपवाद आहेत. नुसतं "कलम ८" लिहिलं की कुठला लावला तेच कळत नाही. आणि कलम ११ हा अपवादच नाही. त्रयस्थ पक्षाला विचारायची ती कार्यपद्धती आहे. तिच्या आधाराने माहिती नाकारता येत नाही, फक्त विचारता येतं. आणखी एक खड्डा: मराठी अधिनियमात (ज) म्हणजे तपास व खटल्यात अडथळ्याचा अपवाद, आणि व्यक्तिगत माहितीचा अपवाद (ञ). इंग्रजी प्रत बघून 'जे' चं 'ज' करणारे भरपूर आहेत. मग कारण व्यक्तिगत माहितीचं आणि कलम तपासाचं, असं उत्तर बाहेर पडतं.

आता तुमचे मुद्दे घेऊ. एकच कारण चारही मुद्द्यांना फासू नका. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर द्या.

मोजमाप पुस्तक आणि देयकं देऊन टाका. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाची ती नोंद आहे, तिथे अपवाद शोधायला जाऊ नका. देयकांवर ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक असेल तर तेवढाच झाका. झाकल्याचं उत्तरात मात्र लिहायचं: कुठल्या पानावर, काय, कुठल्या कलमाखाली. न सांगता काळी पट्टी मारली की अर्जदाराला सगळंच संशयास्पद वाटतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

दरविश्लेषण हाच कलम ११ चा खरा विषय. ठेकेदाराने ते गोपनीय म्हणून दिलं असेल आणि तुम्ही ते द्यायचा विचार करत असाल, तर अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत, म्हणजे ९ मार्चपर्यंत, त्याला लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत त्याने म्हणणं मांडायचं. तुमचा निर्णय अर्जाच्या तारखेपासून ४० दिवसांत, म्हणजे १३ एप्रिलपर्यंत. हे जादा दिवस त्याच मुद्द्यापुरते समजा, बाकीचे मुद्दे ३० दिवसांच्या हिशोबानेच चालवा.

ठेकेदाराची हरकत हा नकाराधिकार नव्हे. कलम ८(१)(घ) लावायचं तर व्यापारी गुपित आहे एवढं पुरत नाही, ते उघड झाल्याने त्याच्या स्पर्धेतल्या स्थानाला हानी पोचेल हे दिसायला हवं. निविदा उघडून काम संपलं, देयक अदा झालं, स्वीकारलेला दर सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे कसली हानी? स्वतःच्या मिश्रणाची खास पद्धत त्यात लिहिली असेल तर तेवढा भाग वेगळा. हरकत डावलून माहिती द्यायचं ठरवलंत तर ठेकेदारालाही निर्णयाची लेखी नोटीस द्या, कारण कलम ११(४) नुसार त्यालाही अपिलाचा अधिकार आहे, आणि त्याची अपिलाची मुदत जाईपर्यंत कागद हातातून सोडू नका.

चौकशी अहवालावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. (ज) हा अपवाद चौकशी चालू आहे म्हणून आपोआप लागत नाही. माहिती दिल्याने तपासात, आरोपीला पकडण्यात किंवा खटल्यात अडथळा येईल, असं असावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच हे स्पष्ट केलंय की चौकशी सुरू असणं एवढंच कारण पुरेसं नाही, अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं. माझी कसोटी साधी आहे. "हा कागद दिला तर अमुक माणसाची साक्ष अजून व्हायची आहे, ती बिघडेल" असं फाईलमधलं नाव-तारीख धरून एक वाक्य लिहिता येतंय का? येत असेल तर (ज) लावा, तेही त्याच कागदापुरतं. वाक्य सुचत नसेल तर अपवाद नाही. तुमचा अहवाल मुख्याधिकाऱ्यांकडे सादर होऊन स्वीकारला गेला असेल, तर ते वाक्य सुचणं कठीणच.

पण अहवाल आहे तसा द्यायचा असंही नाही. समजा अहवाल १४ पानांचा आहे आणि पान ११-१२ वर कनिष्ठ अभियंत्याचा खुलासा आहे: त्या आठवड्यात शस्त्रक्रियेसाठी रजेवर होतो, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र. हा आजाराचा तपशील (ञ) मध्ये बसतो. (ञ) लिहिताना जुनी टिप्पणी चिकटवू नका. नोव्हेंबर २०२५ पासून या खंडाचं रूप बदललंय. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाने केलेली दुरुस्ती लागू झाली आणि "सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली", "खाजगीपणावर अवाजवी आक्रमण" ही जुनी भाषा गेली, संसदेला नाकारता येणार नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही हे परंतुकही गेलं. उरलं ते "व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहिती" एवढंच. त्यामुळे नकार फार सोपा झाला असं अनेकांना वाटतंय. कलम ८(२) मात्र जागेवर आहे: प्रकटनातलं लोकहित संरक्षित हितसंबंधांच्या हानीपेक्षा जास्त असेल तर माहिती देता येते. म्हणून (ञ) लावताना तुम्ही हे तोलून पाहिलं हे दोन ओळींत दिसू द्या. रस्त्याची जाडी कमी भरली, जबाबदारी कोणाची ठरवली, हे अहवालातले निष्कर्ष व्यक्तिगत म्हणून झाकायचा मोह टाळा. एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव आलं की सगळंच व्यक्तिगत होतं, असं माझ्या मते तरी नाही.

पानं वेगळी काढताना कलम १०(२) बघा. त्यात कारणांसोबत निर्णय घेणाऱ्याचं नाव व पदनामही कळवायला सांगितलंय. मुद्दा ३ चं उत्तर मी असं लिहीन:

> मुद्दा ३: चौकशी अहवाल एकूण १४ पृष्ठांचा असून पृष्ठ १ ते १० व १३ ते १४ ची प्रत देण्यात येत आहे. पृष्ठ ११ व १२ वर एका कर्मचाऱ्याच्या शस्त्रक्रियेचा तपशील व वैद्यकीय प्रमाणपत्र आहे. ही व्यक्तिगत माहिती असल्याने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ञ) अन्वये देण्यात येत नाही. कामाच्या दर्जाबाबतचे सर्व निष्कर्ष दिलेल्या पृष्ठांमध्ये आहेत. या दोन पृष्ठांच्या प्रकटनात हानीपेक्षा अधिक असे लोकहित आढळून आलेले नाही, म्हणून कलम ८(२) अन्वयेही ती देता येत नाहीत. ही पृष्ठे कलम १०(१) अन्वये वेगळी केली आहेत.

यात अपिलीय अधिकाऱ्याला तपासता येईल असं सगळं आहे: पान, मजकुराचा प्रकार, खंड, कारण. झाकलेला मजकूर मात्र उत्तरातून फोडला नाही. आजाराचं नाव लिहून बसाल तर नकाराला काय अर्थ?

चौथ्या मुद्द्याला कलम ८ लावूच नका. "का झालं नाही" हे स्पष्टीकरण झालं. अभिलेखात असलेलं द्यायचं असतं, नवं कारण तयार करायचं नसतं. पण तेवढ्यावर हात झटकू नका. मुदतवाढीचा अर्ज आणि मंजुरीचं पत्र फाईलमध्ये असतंच, त्यात कारण लिहिलेलं असतं. ती दोन पानं जोडा आणि "याव्यतिरिक्त कारण अभिलेखात नोंदवलेले नाही" असं लिहा. तसंच "अभिलेख सापडत नाही" हाही कलम ८ चा अपवाद नाही. कागद लेखा शाखेकडे असेल तर कलम ५(४) खाली लेखी मागा. मग तिथल्या अधिकाऱ्याच्या दिरंगाईची जबाबदारी कलम ५(५) नुसार त्याच्यावरही येते.

शुल्काचं बघा. मोजमाप पुस्तक व देयकं ३८ पानं, अहवालाची १२, मुदतवाढीची २, अशी ५२ पानं. पानाला २ रुपये, म्हणजे १०४ रुपये आणि टपालखर्च. हा हिशोब पत्रात दाखवा. पत्र १७ मार्चला पाठवलंत आणि पैसे २५ ला आले तर मधले ८ दिवस मुदतीत धरत नाहीत, ३ एप्रिलची तारीख ११ पर्यंत सरकते. मुदत उलटल्यावर मात्र पैसे मागू नका, कलम ७(६) नुसार माहिती मोफत द्यावी लागते.

शेवटचा परिच्छेद अपिलाचा, आणि तो शुल्काच्या पत्रातही हवा, कलम ७(३) तसं सांगतं. नकाराच्या पत्रात तर ७(८) प्रमाणे कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील, तिन्ही लागतात. "नाराज असल्यास अपील करावे" हे अपिलाच्या अधिकाराचं वाक्य नव्हे. असं लिहा:

> या निर्णयाने आपले समाधान न झाल्यास हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम १९(१) अन्वये प्रथम अपील करता येईल. प्रथम अपिलीय अधिकारी: मुख्याधिकारी (नाव, कार्यालयाचा पूर्ण पत्ता, दूरध्वनी). अपील जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपये शुल्कासह करावे.

तुमच्याकडे अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयाच्या नेमणूक आदेशात बघून घ्या. बदली होऊन गेलेल्या साहेबांचं नाव तसंच छापलेली पत्रं मी कितीतरी पाहिलीत. राज्य माहिती आयोगाचा पत्ता इथे देऊन अर्जदाराला थेट तिकडे पाठवू नका. दुसरं अपील पहिल्याच्या निर्णयानंतर किंवा तो यायला हवा होता त्या तारखेनंतर, ९० दिवसांत.

साहेबांना एवढंच सांगा की विनाकारण विलंब किंवा नकारासाठी दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, ही शास्ती जन माहिती अधिकाऱ्यावर बसते. ते ऐकत नसतील तर त्यांची सूचना लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

पत्र पोचल्याचा पुरावा मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा आणि तो पुरावा त्याच फाईलला लावा. अर्जदाराची ३० दिवसांची मुदत पत्र मिळाल्यापासून मोजतात, आणि ते कधी मिळालं हे दाखवणारा कागद तुमच्याकडे तेवढाच असतो.