फिटनेसच्या कागदावर काय लिहावं, आणि काय केस पेपरातच ठेवावं

"मॅडम, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बर्नआउटमुळे दीड महिना रजेवर होते, आता रुजू व्हायचंय. ऑफिसवाले फिटनेस आणा म्हणतात. त्यावर मानसिक काही लिहिलं तर कायमचा शिक्का बसेल. आणि नुसतं 'फिट' लिहिलं तर पहिल्याच आठवड्यात नाइट लावतील. काय करू?"

नाशिकच्या एका खाजगी रुग्णालयातल्या सिस्टर दोन वर्षांपूर्वी याच पेचात माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. त्यांच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून त्यांची हकीकत सांगते. त्यांना आपण सुषमा म्हणू.

बारा-बारा तासांच्या नाइट, त्यात एकीला तीन पेशंट. एका पहाटे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज संपत आली, पंपाचा अलार्म वाजायला लागला, आणि सुषमा पंपासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. पुढची सिरिंज लोड करायची हे माहीत होतं, पण हात हलेना. शेजारच्या बेडवरची मैत्रीण धावत आली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांनी रजेच्या दाखल्यावर 'विषाणूजन्य ताप' लिहून दिलं. हेतू चांगला होता, आपल्याकडे असं सर्रास लिहिलं जातं. पण खरी अडचण इथूनच सुरू झाली. तापातून उठलेल्या बाईला महिनाभर नाइट का नको, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

रजेचा दाखला आणि फिटनेस एकमेकांना धरून असावे लागतात. केंद्र सरकारी नोकरीच्या नमुन्यात तर डॉक्टर लिहूनच देतात, की रजेचा मूळ दाखला मी पाहिला आणि तो विचारात घेऊन हा निर्णय दिला. तुमचं रुग्णालय खाजगी असलं तरी सवय हीच ठेवा. तुमच्या रजेच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते आजच काढून बघा आणि फिटनेस देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. सुषमांच्या वेळी मानसोपचारतज्ज्ञांनी जुना दाखला बदलला नाही. मागच्या तारखेचं काही लिहायचं नसतंच. रजेच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या आपल्या उपचाराखाली आहेत एवढं त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर नोंदवलं आणि तिथून पुढचे कागद नीट केले.

आता 'बर्नआउट' या निदानाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये तो कामाशी जोडलेला प्रकार म्हणून नोंदला आहे, आजार म्हणून नाही. म्हणून डॉक्टर त्याच्या खाली काय दडलंय ते शोधतात. सुषमांचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं, ते ठीक निघालं. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत २७ पैकी १७ गुण आले, तपासणीत नैराश्य स्पष्ट झालं, औषधं सुरू झाली. समुपदेशन माझ्याकडे होतं. फिटनेस मात्र नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतात, समुपदेशकाच्या सहीचा दाखला इथे चालत नाही. मी सुषमांच्या लेखी संमतीने डॉक्टरांना एका पानाची टिपणी दिली.

त्या टिपणीत 'बरं वाटतंय' असं कुठेही नव्हतं, कारण त्यावरून ड्युटी ठरवता येत नाही. रात्रीच्या गोळीने सलग सहा-सात तास झोप लागते, पण सकाळी नऊपर्यंत जडपणा असतो. पाचशे मिली सलाइन आठ तासांत, वीस थेंबांचा सेट, असा हिशोब दिला की मिनिटाला २१ थेंब हे उत्तर एका दमात येतं. रजेच्या सुरुवातीला त्या तेच पाच वेळा पडताळायच्या. रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये अर्धा तास बसून आल्या, अलार्म ऐकू आला तेव्हा छाती धडधडली, पण त्या उठून गेल्या नाहीत. जीव नकोसा होण्याचे विचार सरळ विचारले, आता नाहीत. आणि शेवटी, वॉर्डातलं प्रत्यक्ष काम मी पाहिलेलं नाही, त्यावर माझं मत नाही, हेही लिहिलं. माहिती कुठे संपते हे लिहिलेलं असलं की डॉक्टरांना निर्णय घेणं सोपं जातं.

डॉक्टरांनी दिलेला दाखला चार ओळींचा होता: "यांची तपासणी केली. सोमवारपासून कामावर रुजू होण्यास योग्य. पहिले चार आठवडे नाइट ड्युटी व सलग दोन ड्युट्या देऊ नयेत, एका ड्युटीचा कालावधी आठ तासांपेक्षा जास्त नसावा. चार आठवड्यांनी फेरतपासणी." आजाराचं नाव नाही, गोळ्यांची नावं नाहीत. रुग्णालयाने 'लाइट ड्युटी' असं लिहून मागितलं होतं, ते डॉक्टरांनी टाळलं आणि मला ते अगदी पटलं. आयसीयूत हलकं काम नसतं, आणि ओपीडीच्या इंजेक्शन रूमला हलकं म्हणणाऱ्याने तिथे एक सकाळ उभं राहावं. तास आणि पाळी लिहिली की इन्चार्ज सिस्टरना ड्युटी लिस्ट लावता येते.

कारणं केस पेपरात गेली, प्रत्येक अटीपुढे एक. नाइट नको, कारण झोप अजून रात्रीच्या गोळीवर उभी आहे आणि गोळी घेऊन पंप सांभाळणं धोक्याचं. गोळी कमी झाली आणि दोन आठवडे झोप टिकली की अट काढावी. डबल नको, कारण कोसळण्याआधीच्या महिन्यात तेच सर्वांत जास्त झालं होतं. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन देण्यावर बंदी घातली नाही. दोघींनी तपासून देण्याची वॉर्डाची नेहमीची पद्धत पुरेशी मानली आणि तसं लिहिलं. वेगळी बंदी घातली असती तर ओव्हर देताना रोज सगळ्यांसमोर तिचा उल्लेख झाला असता, आणि तिला आधार काहीच नव्हता. रुजू होताना पीएचक्यू-९ चे गुण ६ होते, तेही नोंदवलं. पण निव्वळ गुणांवर फिटनेस दिला नाही.

तिसऱ्या आठवड्यात कुणाचीतरी सुट्टी निघाली आणि सुषमांचं नाव नाइटला लागलं. त्यांनी दाखल्याची प्रत मेट्रनसमोर ठेवली. मेट्रनबाईंनी डॉक्टरांना फोन करून कारण विचारलं. "दाखल्यावर लिहिलंय तेवढंच सांगू शकतो, अट कायम आहे," एवढंच उत्तर मिळालं. नाव निघालं. चौथ्या आठवड्यात गोळी अर्धी केली तशी झोप पुन्हा बिघडली, म्हणून फेरतपासणीत अट आणखी दोन आठवडे वाढवली, कारणासह. त्यानंतर आधी अधूनमधून एकेकच नाइट, मग नेहमीची लिस्ट. तीन पेशंटचं ओझं मात्र कुठल्याच दाखल्याने कमी होत नाही. म्हणून डॉक्टरांनी केस पेपरात लिहून ठेवलं, की हे मत आठ तासांच्या ड्युटीवर आधारलेलं आहे; ती बदलली तर पुन्हा तपासावं लागेल.

तुमच्या ऑफिसने पूर्ण फाइल मागितली तर द्यायची गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे ती माहिती गोपनीय आहे, तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर ती मालकाला देत नाहीत. ऑफिसला लेखी उत्तर द्या, की कोणती ड्युटी करता येईल याबद्दल प्रश्न असल्यास लिहून द्यावा, डॉक्टर त्याचं उत्तर देतील. तुम्हाला स्वतःला मात्र तुमच्या नोंदी मागता येतात. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे त्या ७२ तासांत मिळायला हव्यात. दाखल्याची एक प्रत आणि ऑफिसने घेतल्याची पोच घरी ठेवा.