पाडीव प्रत

प्रश्न : एकच वस्तू 'साधी' आणि 'खास' अशा दोन रूपांत विकतात आणि साधी मुद्दाम कमी चांगली ठेवतात, म्हणजे ज्यांना परवडतं ते महागडीच घेतील. याला मराठीत नेमकं काय म्हणावं? 'हलकी प्रत' चालेल की ही सरळ 'भेसळ' म्हणायची?

'हलकी प्रत' चालेल, पण अर्धंच काम करेल. 'भेसळ' मात्र नको. मी स्वतः 'पाडीव प्रत' म्हणतो, आणि जे करतात त्याला 'प्रत पाडणे'. शब्द रूढ नाही, घडवलेला आहे, तेव्हा तो का घडवावा लागला ते सांगतो.

'हलकी' म्हटल्यावर वस्तू कशी आहे ते कळतं, ती तशी कशामुळे झाली ते कळत नाही. हलक्या प्रतीचं कापड म्हटलं की आपण धरून चालतो की सूतच स्वस्तातलं असणार, म्हणून किंमतही कमी. 'प्रतवारी' या शब्दातही तेच गृहीत आहे. माल मुळातच कमी-जास्त असतो, आपण फक्त निवडून ढीग लावतो. दर्जा, श्रेणी, वर्ग हे शब्दही त्या ढिगांना पाट्या लावण्यापुरतेच. तुम्ही विचारताय ती गोष्ट वेगळी आहे. इथे ढीग एकच असतो, तोही सगळा चांगला. त्यातला काही भाग कुणीतरी बसून वाईट करतं.

'बसून वाईट करतं' हे अक्षरशः खरं आहे. १९९० साली आयबीएमने 'लेझरप्रिंटर ई' नावाचा स्वस्त छपाईयंत्राचा प्रकार आणला. त्यांचा मूळ लेझरप्रिंटर मिनिटाला १० पानं छापायचा, हा ५. आतलं यंत्र जवळजवळ तेच. फरक एवढाच, की स्वस्त यंत्रात काही चिपा जास्तीच्या बसवल्या होत्या आणि यंत्राला मधूनमधून नुसतं थांबवून ठेवणं हे त्यांचं काम होतं. म्हणजे स्वस्त यंत्र बनवायला खर्च उलट थोडा जास्तच. याला 'हलकी प्रत' म्हणायला जीभ अडखळते ती इथे. कस कमी नाही, कस दाबून ठेवलाय.

१९९६ मध्ये डेनेकेरे आणि मॅकाफी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या प्रकारावर निबंध लिहिला आणि त्याला 'डॅमेज्ड गुड्स' असं नाव दिलं. त्याचं शब्दशः 'खराब झालेला माल' केलंत तर वाचकाला वाटेल वाटेत पेटी आपटली असावी. मराठीत 'खराब माल' आपोआप होतो, कुणी करत नाही. पाठ्यपुस्तकांतला 'मूल्यभेद' बरोबर आहे, पण फार मोठा. एकाच वस्तूला निरनिराळ्या गिऱ्हाइकांकडून निरनिराळी किंमत घेण्याच्या सगळ्या तऱ्हा त्याच्या पोटात येतात, आणि प्रत पाडणं ही त्यातली एक.

आता भेसळ. भेसळ लपवावी लागते. ती दिसली की धंदा बुडाला. प्रत पाडण्यात नेमकं उलट आहे : उणीव दिसायलाच हवी, आणि तीही जो ती वस्तू घेणार नाही त्याला. १८४९ साली झ्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल हेच लिहिलं होतं. त्या डब्यांना छप्पर नसे, बाकं साधी लाकडाची. लोकांना वाटे कंपनी कंजूष आहे किंवा गरिबांचा द्वेष करते. द्युप्युईचं म्हणणं असं, की छपराला काही हजार फ्रँक लागतात म्हणून ते टाळलेलं नाही. ज्यांना दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडतं त्यांनी तिसऱ्यात बसू नये म्हणून ते टाळलंय. फटका गरिबाला बसतो, पण धाक घालायचाय श्रीमंताला. उघडा डबा फलाटावरून सगळ्यांना दिसत होता, तेच त्याचं काम होतं. याला भेसळ म्हणणं म्हणजे पाटी लावून केलेल्या गोष्टीला चोरी म्हणणं. राग यावा, जरूर यावा, पण त्या रागाला दुसरा शब्द शोधावा.

धाक किती घालायचा याचा हिशेब असतो, आणि तो पाहिल्याशिवाय शब्द नीट बसत नाही. छपाईयंत्रच घेऊ, आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. १० जण घाईचे : जलद यंत्राला ते जास्तीत जास्त १०० देतील, संथ यंत्राला ५०. २० जण निवांत : जलदला ४५ देतील, संथला ४०. जलद यंत्र बनवायला १० लागतात, संथ बनवायला १२, कारण त्यात अडवणाऱ्या चिपा जास्तीच्या.

नुसतं जलद यंत्र १०० ला विकलं तर फक्त घाईवाले घेतील आणि फायदा ९००. सगळ्यांना परवडावं म्हणून ते ४५ ला विकलं तर तिसांच्या तीस घेतील, फायदा १,०५०. आता दोन्ही यंत्रं ठेवा. संथ यंत्र ४० ला. घाईवाला मनात म्हणणार, 'मला हे ५० चं आहे, ४० ला मिळतंय, १० वाचले.' तेव्हा जलद यंत्रात त्याचे निदान तेवढेच वाचायला हवेत, म्हणून त्याची किंमत ९०. घाईवाल्यांकडून फायदा ८००, निवांतांकडून ५६०, एकूण १,३६०. खर्च वाढवून, वस्तू बिघडवून, फायदा वाढला.

यात खरी कारागिरी कुठे आहे ते पाहा. यंत्र संथ केल्याने घाईवाल्याच्या लेखी त्याचं मोल ५० ने पडलं, निवांत माणसाच्या लेखी फक्त ५ ने. उणीव अशी शोधायची की ती महागड्या गिऱ्हाइकाला बोचेल आणि स्वस्तातल्याला फारशी जाणवणार नाही. ती पुरेशी बोचली नाही तर डाव फसतो. समजा संथ यंत्र थोडंसंच संथ ठेवलं, घाईवाल्याला ते ९० चं वाटतंय आणि निवांत माणसाला ४४ चं. ४४ ला विकायला गेलात की घाईवाल्याचे त्यात ४६ वाचतात. मग जलद यंत्र त्याला ५४ च्या वर विकताच येत नाही, आणि एकूण फायदा १,०८० वर येतो. म्हणून स्वस्त वस्तू 'जरा कमी' असून भागत नाही, ती ठसठशीत कमी करावी लागते. उघड्या डब्याचं मर्म इथे आहे. फक्त तो हिशेब छपाईयंत्राहून निर्दय होता, कारण पाऊस दोघांनाही सारखाच लागतो.

(यात सगळेच नाडले जातात असंही नाही. विक्रेता नाहीतर फक्त १०० लाच विकणार असेल, तर दोन प्रती निघाल्यावर घाईवाल्याचे १० वाचतात आणि निवांत माणसाला यंत्र निदान मिळतं तरी. पण तो नाहीतर सगळ्यांना ४५ ला विकणार असेल, तर घाईवाल्याला ४५ चा भुर्दंड. या प्रश्नावर लोक हिरीरीने भांडतात, आणि बहुतेक वेळा दोघांच्या डोक्यातला 'नाहीतर' वेगवेगळा असतो.)

शब्दाकडे परत. मला 'लंगडी आवृत्ती' सुचून गेलं होतं, पण लंगडेपण कुणी मुद्दाम केलंय हे त्यात येत नाही, वर कीव येते. 'खच्ची केलेली' यात हेतू पुरेपूर आहे, तेही बाकीचा देह धडधाकट ठेवून. इंटेलच्या १९९१ च्या ४८६एसएक्स चिपेला हा शब्द चपखल बसला असता, कारण तिच्यातला गणिती भाग बंद करून ती स्वस्तात विकली जात होती. रेल्वेच्या डब्याला मात्र तो शोभत नाही. 'प्रत उतरवणे' मी बरेच दिवस वापरलं, दर्जा उतरतो, भाव उतरतो, त्या चालीवर. मग एका मित्राने विचारलं, 'कुठल्या पोथीची?' त्याचं बरोबर होतं. प्रत उतरवून घेणं म्हणजे नक्कल करणं, आणि 'प्रत' या शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे एकमेकांच्या अंगावर येतात.

'पाडणे' मध्ये तो घोळ नाही. भाव पडतो तो आपोआप, भाव पाडतात तो कुणीतरी. तोच फरक आपल्याला हवाय. आणि कोरीव, घडीव, रेखीव यांतला 'ईव' लागला की त्यामागे माणसाचा हात आहे हे आपोआप कळतं. म्हणून पाडीव.

हा शब्द कुठे लावू नये तेही सांगतो, कारण सीमा खरोखर धूसर आहे. संगणकाच्या चिपा एकाच तबकडीवर एकाच वेळी तयार होतात, तरी सगळ्या सारख्या निघत नाहीत. एखादीचा एक गाभा, म्हणजे आकडेमोड करणारा एक भाग, बिघडलेला असतो, एखादी जास्त वेगावर चुका करते. त्यांची चाचणी घेऊन वेगवेगळ्या नावांनी विकतात. ही अस्सल प्रतवारी, तिला पाडीव म्हणणं अन्याय आहे. पण कारखान्याचा हात बसला की बिघडलेल्या चिपा कमी निघू लागतात, आणि स्वस्त चिपेला मागणी तर तेवढीच असते. मग चांगल्या चिपेतलाच एखादा गाभा बंद करून ती खालच्या नावाने जाते. पेटीवर नाव तेच, आतली एक निवडलेली आणि दुसरी पाडलेली. २००९ च्या सुमारास एएमडीच्या तीन गाभ्यांच्या फेनम चिपांबाबत हौशी लोकांनी हे करून पाहिलं. मदरबोर्डच्या सेटिंगमधून चौथा गाभा चालू करायचा. काहींचा संगणक चार गाभ्यांवर मजेत चालला, काहींचा सुरू होताच कोलमडला. पहिल्यांच्या हाती पाडीव प्रत आली होती, दुसऱ्यांच्या हाती प्रतवारीतली.

ओळखायची माझी खूण त्यावरूनच घेतलेली आहे : अडसर काढला आणि वस्तू पूर्ण ताकदीने चालली, तर ती पाडीव. परवा एका संकेतस्थळावर फाइलचं रूप बदलून घेत होतो. फुकट वापरणाऱ्याला तिथे ३० पासून उलटी गणती दाखवतात, 'तुमची फाइल तयार होत आहे' असं लिहून. गणती संपल्यावर फाइल उतरवून घेतली आणि तिच्यात नोंदलेली तयार झाल्याची वेळ पाहिली. गणती ३० वर होती तेव्हाच ती तयार होऊन बसली होती. तीस सेकंद पाडीव होते. आणि त्या एका वाक्यापुरतं मात्र तुमचं 'भेसळ' मी मान्य करतो, कारण नुसतं 'थांबा' लिहिलं असतं तरी चाललं असतं.