फोटोतील लेबलांवरून ब्रँडेड टी-शर्टबद्दल शंका कशी घ्यावी?

फोटोत टी-शर्टच्या गळ्याचे लेबल आणि आतल्या बाजूच्या शिवणीतला टॅग कसा दिसतो, त्यावरून नकली माल ओळखता येतो का?

गळ्याचे लेबल हुबेहूब नकलता येते, म्हणून मी आधी शिवणीतला टॅग वाचतो आणि त्यावरील मजकूर व चिन्हे एकमेकांशी जुळतात का, हे पाहतो. समजा, टॅगवर ‘कोमट इस्त्री’ छापले आहे, पण इस्त्रीच्या चिन्हावर फुली आहे, किंवा गळ्यावर एम आणि टॅगवर एल आहे, तर शंका रास्त ठरते. चिन्हांचा क्रम मात्र जुन्या कपड्यांत वेगळा असू शकतो. तो एकटा पुरावा नव्हे. टॅगच्या दोन्ही बाजूंचा, अक्षरे वाचता येतील असा जवळचा फोटो अवश्य मागावा.