नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या खोल रेषा: मेकअप, मसाज की फिलर?

प्रश्न: मी 44 वर्षांची, परभणीची. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत खोल रेषा पडल्यात, फोटोत तर फारच दिसतात. अडीच महिन्यांनी मुलीचं लग्न आहे. मसाजने जातील का, की फिलर करून घेऊ? मेकअप केला तर रेषा अजूनच उठून दिसतात.

उत्तर:

ताई, मी लातूरला पार्लर चालवते. 18 वर्षं नवरीचा आणि नवरीच्या आईचा मेकअप करतेय, आणि 3 वर्षांपूर्वी स्वतःच्या चेहऱ्याला फिलरही, म्हणजे खोलगट जागा भरून काढणारं इंजेक्शन, करून घेतलंय.

आधी एक बघा. दिवसा खिडकीजवळ आरसा हातात धरून बसा आणि चेहरा सरळ ठेवून रेषा पाहा. मग उताणं झोपून तोच आरसा चेहऱ्यावर धरा. झोपल्यावर रेषा जवळपास पुसली गेली, तर तुमच्याकडे खरी रेषा कमी आणि सावली जास्त आहे. वयानुसार गालाच्या मध्यभागातली चरबी आणि नाकाच्या बाजूचं हाड झिजतं, गाल खाली उतरतो. ओठाकडची कातडी मात्र खालच्या स्नायूला घट्ट धरलेली असते, ती सरकत नाही. म्हणून त्या सीमेवर घडी पडते आणि वरून येणाऱ्या उजेडात तिची सावली दिसते. झोपूनही कोरल्यासारखी बारीक रेघ उरली, तर तिथली कातडीच मोडली आहे, इस्त्रीच्या घडीसारखी. बहुतेकींना दोन्ही थोडं थोडं असतं. ज्यांनी अलीकडे झपाट्याने वजन उतरवलंय, त्यांची सावली अचानक वाढलेली असते.

मसाजचं खरं सांगते, जरी मी त्याचे पैसे घेते. बोटांनी तेल चोळून गाल परत वर चढत नाही. सकाळची सूज उतरते, कातडी ओलसर आणि टवटवीत दिसते, आणि ते 4-5 तास टिकतं. लग्नाच्या सकाळी हलक्या हाताने 5 मिनिटं जरूर करा. पण घडीवर रोज जोर लावून ओढू नका. गाल फुगवून ‘चेहऱ्याचा व्यायाम’ करायला सांगणारे व्हिडिओ बघायलात तर सोडून द्या. ही घडी हसल्याने, तोंड हलवल्यानेही खोल होत गेलेली असते, तेच अजून करून ती कमी कशी होईल?

तुमचा मेकअप रेषा उठवतो, कारण तिथे माल जास्त पडतो. घडीत फाउंडेशन साचतं, वरून पावडर बसते, आणि आपल्याकडच्या उन्हात तासाभरात त्याची पांढरी रेघ होते. मी असं करते. मॉइश्चरायझर लावून 10 मिनिटं थांबते. फाउंडेशन बाकी चेहऱ्यावर लावते आणि घडीपाशी फक्त ब्रशवर उरलेलं फिरवते. रेषेच्या कडेला तपकिरी काळेपणा असेल, तर आधी पीच करेक्टरचा अगदी पातळ थर. मग गालात हवा भरायला सांगते, घडी उघडते. कन्सीलर कातडीपेक्षा एकच छटा उजळ घ्यायचा आणि बारीक चपट्या ब्रशने घडीच्या तळाला रेघ ओढायची, वरच्या फुगीर कडेला अजिबात नाही. कडेला उजळपणा आला की घडी दुप्पट खोल दिसते, आणि नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते. बोटाच्या टोकाने दाबून जिरवते, दोनदा मोठ्याने हसवते, साचलेलं टिपते आणि मगच चिमूटभर पावडर. चमकीचं काहीही त्या भागात नको. चार तासांनी रेघ दिसली तर पावडर चढवू नका, टिश्यू दाबून टिपा आणि बोटाने पसरवा.

एक सांगायचं राहिलं, फोटोवाल्याला आधीच गाठा. मंगल कार्यालयातले छताचे दिवे वरून पडतात, त्यात माझ्या विशीतल्या पोरीलाही ही रेषा दिसते. उजेड समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून आला की अर्धी सावली तिथेच जाते.

आता फिलर. मी गेले तेव्हा मला वाटायचं, रेषेत इंजेक्शन देतील, भरतील, संपलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “सगळं रेषेतच भरलं तर हसल्यावर तोंडाभोवती पोळीसारखा फुगवटा येईल.” त्यांनी हायलुरॉनिक ॲसिड नावाच्या जेलच्या 1 मिलीच्या दोन सिरिंज वापरल्या: एक दोन्ही गालांत वाटून, एक दोन्ही घड्यांत. तेव्हा एकीचे 18,000 घेतले. दोन दिवस सूज, आठवडाभर डाव्या बाजूला निळा डाग. महिन्याने नवरा म्हणाला, “झोप चांगली व्हायली का तुला?” एवढाच फरक, आणि तो मला पुरला. रेषा निम्मी राहिली, गेली नाही. अकराव्या महिन्यापासून हळूहळू परत दिसायला लागली. साधारण 6 ते 18 महिने टिकतं. बारीक कोरीव रेघेवर मात्र याचा उपयोग कमी. तिथे रोजचं सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली रेटिनॉइड क्रीम, तीही काही महिने लावावी लागते, म्हणजे तुमच्या मुलीच्या लग्नात तिचा गुण दिसणार नाही.

धोका कुठे आहे ते समजून घ्या. चेहऱ्याची मुख्य धमनी याच घडीच्या आसपासून नाकाकडे वर जाते. फिलर तिच्यात गेलं किंवा तिच्यावर दाब आला, तर नाकपुडीची कातडी मरू शकते, आणि क्वचित डोळाही जाऊ शकतो. लगेच जागा पांढरी पडणं, वाढत जाणारी वेदना, नंतर जाळीसारखे जांभळट डाग, किंवा डोळ्यापुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टरांकडे. हायलुरॉनिक फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं आणि तिथे तासांचा हिशेब असतो. म्हणून जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: हायलुरोनिडेज तुमच्या फ्रिजमध्ये आत्ता आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच हवा, आणि सीलबंद सिरिंज तुमच्यासमोर उघडून तिचं स्टिकर तुम्हाला द्यायला हवं. माझ्याकडेही एक एजंट ‘बिनसुईचा पेन’ विकायला आला होता, दोन दिवसांत शिकवतो म्हणाला. दाबाने फिलर कातडीत ढकलणारं ते यंत्र. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. पार्लरात कुणी ते लावत असेल, तर माझंच पार्लर का असेना, बसू नका.

तुमच्या तारखेकडे बघून सांगते. करायचंच असेल तर येत्या 3-4 आठवड्यांत, म्हणजे सूज उतरून, गरज पडलीच तर थोडं दुरुस्त करायला वेळ राहतो. दाताचं काम काढलं असेल तर त्यात आणि फिलरमध्ये दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपणहून बंद करू नका. फिलरनंतर दोन आठवडे फेशियल, मसाज काहीच नाही. लग्नाला महिना उरला आणि अजून मन होत नसेल, तर यंदा राहू द्या आणि घरीच मेकअपची एक रंगीत तालीम करा: दुपारी 12 वाजता लावा, 4 वाजेपर्यंत स्वयंपाकघरात वावरा, मग खिडकीजवळ आरसा घ्या.