मांजर हरवल्याची पोस्ट ग्रुपवर टाकताना

प्रश्न: «आमची मिनी काल संध्याकाळपासून दिसत नाही. कधीच घराबाहेर जात नाही. गॅलरीच्या जाळीचा कोपरा सुटलाय. कर्वेनगरच्या ग्रुपवर पोस्ट टाकायची आहे, काय आणि कसं लिहू? हातपाय गळालेत.»

तुमची पोस्ट वाचून आमच्या गोट्याचे ते दिवस डोळ्यांसमोर आले. मी डॉक्टर नाही, प्राणीसंस्थेतलीही नाही. अनुभवावरून सांगते आहे.

पोस्टमध्ये सगळ्यात मोलाची ओळ असते ती «शेवटची कुठे, किती वाजता दिसली». आमचं सगळं तिथेच अडलं. शेजारच्या सोसायटीचा कॅमेरा बरोबर आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर होता. मी त्यांच्या ऑफिसात गेले तर उत्तर मिळालं, «अर्ज द्या, सेक्रेटरी रविवारी येतात.» कॉपी नको, तुम्हीच पाहून सांगा, असं परोपरीने विनवलं. काही उपयोग झाला नाही. रविवार उजाडेपर्यंत डीव्हीआरवर नवं रेकॉर्डिंग चढून जुनं पुसलं गेलं होतं. तोवर सगळा ग्रुप मेन गेटकडे शोधत होता आणि गोट्या मागच्या जनरेटरच्या शेडमध्ये उपाशी बसला होता. पाच मिनिटांचं काम होतं हो! अजूनही संताप येतो.

म्हणून आजच कॅमेरे बघा. सोसायटीच्या ऑफिसवर अडून राहू नका. समोरचा बंगलेवाला, इस्त्रीवाला, किराणा दुकानदार लगेच मोबाइलवर दाखवतात. ऑफिसने टाळलंच तर निदान तेवढा तास सेव्ह करून ठेवायला सांगा. फुटेज बघताना स्क्रीनवरची वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहा. आम्हाला एका बंगल्याचं फुटेज मिळालं, त्याचं घड्याळ जवळजवळ पाऊण तास पुढे होतं.

आता मजकूर. मी असा लिहीन:

«मांजर हरवली आहे, कर्वेनगर, कॅनॉल रोडची बाजू. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास डी विंगच्या मागच्या भिंतीवरून पार्किंगकडे जाताना दिसली. मादी, तीन वर्षांची, अंगाने लहान. पाठ राखाडी पट्ट्यांची, पोट आणि चारही पंजे पांढरे, शेपटीचं टोक काळं. गळ्यात पट्टा नाही. घरातच वाढलेली आहे, घाबरून लपली असेल. दिसल्यास हाका मारू नका, पाठलाग करू नका. फोटो काढून जागेसह लगेच या नंबरवर फोन करा, रात्री कधीही चालेल. आपापल्या पार्किंगमध्ये, गाड्यांखाली आणि मीटर रूममध्ये एकदा पाहाल का?»

तपशील अर्थात तुमचे घाला. वार लिहायचाच, कारण असे मेसेज पुढे महिनाभर फिरत राहतात. «इंडी मिक्स, खूप गोड» यातून वॉचमनला काही कळत नाही. पांढरे पंजे मात्र त्याच्या लक्षात राहतात. फोटो मांडीवर झोपलेली नको, बाजूने उभी असलेली हवा, शेपटीसकट. आणि मजकूर फोटोखालीच टाका, वेगळा नको. फॉरवर्ड होताना फोटो एकीकडे जातो आणि नंबर दुसरीकडे राहतो.

एक खूण मात्र पोस्टमध्ये लिहू नका, फोटोतही दिसू देऊ नका. पंज्याच्या गादीवरचा डाग, कानामागचा व्रण, असं काही. «मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा» असे फोन येतात. ताजा फोटो मागा, ती खूण विचारा. सांगता आली नाही तर फोन ठेवा. बक्षिसाची रक्कम लिहावी असं काही जण म्हणतात. माझा विरोध आहे. पोरं टोळीने मांजरामागे धावतात आणि ती आणखी लांब पळते.

ग्रुपवर पोस्ट टाकली म्हणजे शोध झाला असं नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हरवल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती. घरातली मांजर तर बहुधा अगदी जवळच दडते आणि मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. उत्तर आलं नाही म्हणून ती जागा सोडू नका, वाकून बघा. रात्री दोननंतर, गाड्यांची ये-जा थांबली की, टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरून गाड्यांखाली, डक्टमध्ये, पाण्याच्या टाकीमागे फिरवा. डोळे चमकतात. हिरवट चमक दिसली की तिथेच खाली बसा, हळू आवाजात बोला, खाणं पुढे सरकवा. रात्रपाळीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तोच शिट्टी मारतो.

खाण्याची ताटली रात्रभर बाहेर ठेवू नका, एवढं माझं मत. गल्लीतले बोके जमतात आणि ती बाहेर यायला आणखी घाबरते. उद्या सकाळी तीच पोस्ट नव्या माहितीसह पुन्हा टाका, आणि सापडली की पहिल्या ओळीत «सापडली» लिहून सगळ्या ग्रुपवर पाठवा. वॉचमनलाही सांगा.