मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण सरकारपासून कितपत स्वतंत्र आहे?

प्रश्न: सरकारी कर्मचाऱ्याला बदलीविरुद्ध थेट हायकोर्टात का जाता येत नाही? मॅटवर सरकारचा दबाव नसतो का?

उत्तर: सरकारी नोकरीविषयक केसेस हायकोर्टात साचत होत्या, म्हणून १९८५ च्या कायद्याखाली १९९१ मध्ये मॅट आलं. न्यायिक सदस्यासोबत प्रशासकीय सदस्य बसतो. तो बहुधा निवृत्त सनदी अधिकारी, आणि प्रतिवादी कायम सरकारच!

थेट दबावापेक्षा खरी मेख नेमणुकीत आहे. सदस्यांचा चार वर्षांचा कार्यकाळ सुप्रीम कोर्टाने जुलै २०२१ मध्ये रद्द केला, तर संसदेने ऑगस्टमध्ये तोच पुन्हा कायद्यात घातला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तोही रद्द झाला. इतक्या छोट्या मुदतीसाठी चालती वकिली कोण सोडणार? मग निवृत्तच उरतात. शिवाय जागा वेळेत भरल्या नाहीत की सुनावण्या लांबतात.

निकाल पटला नाही तर हायकोर्टाच्या खंडपीठापुढे रिट करता येते. ही वाट सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या चंद्रकुमार निकालाने खुली केली.